कापलेल्या तोंडावरची चंदेरी रेघ: पाइप कॉम्पोझिट, पीपीआर की पेक्स?

प्रश्न: गरम पाण्याची लाइन गळत होती म्हणून भिंत फोडून पाइप कापला. बाहेरून पांढरा आहे, छपाई पुसली गेली आहे. कापलेल्या तोंडावर पाइपच्या जाडीत गोल चंदेरी रेघ दिसते. एक प्लंबर म्हणतो पीपीआर आहे, वितळवून जोडू. दुसरा म्हणतो पेक्स आहे. फोटो जोडला आहे, सोबत पट्टीही ठेवली आहे. नुसत्या फोटोवरून कोणता पाइप ते सांगता येईल का? जोड कोणता घेऊ?

उत्तर:

हा आत अॅल्युमिनियमचा थर असलेला कॉम्पोझिट पाइप आहे, बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर. पीपीआर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा पाइप, हा नाही. दुसऱ्या प्लंबरचं म्हणणं अर्धं बरोबर असू शकतं, कारण आतला थर पेक्सचा, म्हणजे रेणू एकमेकांना जोडलेल्या पॉलिइथिलीनचा, असण्याची शक्यता आहे. पण नुसत्या पेक्सचे जोड याला चालणार नाहीत. वितळवून जोडायला तर अजिबात देऊ नका. हे कशावरून म्हणतोय ते सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात किंवा प्लंबरशी बोलताना तुम्हाला स्वतःला खात्री असेल.

पहिली गोष्ट, रंग बाजूला ठेवा. पांढरा पीपीआर मिळतो, पांढरा पेक्स मिळतो, पांढरा कॉम्पोझिटही मिळतो. कापलेल्या तोंडाच्या फोटोत तीन गोष्टी बोलतात: धातूची रेघ जाडीत नेमकी कुठे आहे, त्या रेघेच्या कडा कशा आहेत, आणि पाइपच्या जाडीचं व्यासाशी प्रमाण किती आहे. मी याच क्रमाने बघतो.

रेघ कुठे आहे हे बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पाण्याला नेमकं काय लागतंय? सगळ्यात आतली कड धातूची असेल आणि प्लॅस्टिक फक्त बाहेर असेल, तर तो धातूचाच पाइप आहे, वरून वेष्टण घातलेला. तांब्याच्या नळीवर पांढरं प्लॅस्टिक चढवलेलं असतं तेव्हा कापलेलं तोंड पटकन कॉम्पोझिटसारखं वाटतं. तसंच पातळ पोलादी नळीवर पांढरं प्लॅस्टिक चढवलेला पाइपही येतो. तो हीटिंगच्या बंद लाइनसाठी असतो, पिण्याच्या पाण्यासाठी नाही. तांबं ताज्या कापावर लालसर दिसतं आणि पोलादाला चुंबक चिकटतं, त्यामुळे हे दोन्ही लगेच वेगळे काढता येतात. उलट, बाहेर जाड पोलाद आणि आत प्लॅस्टिकचं अस्तर दिसलं, तर तो अस्तर लावलेला जीआय पाइप. आणि धातू दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बंदिस्त असेल, म्हणजे आतही प्लॅस्टिक आणि बाहेरही, तर प्रकरण कॉम्पोझिटचं. तुमच्या फोटोत हेच आहे.

आता ती रेघ खरोखर धातूची आहे का? ही शंका फालतू नाही. प्लॅस्टिकच्या जाडीत रेघ दिसण्याची आणखी दोन कारणं असतात. काही पेक्स पाइपमध्ये ऑक्सिजन अडवणारा ईव्हीओएचचा थर असतो. तो कधी बाहेरच्या पृष्ठभागावर असतो, कधी जाडीच्या मध्ये. मध्ये असला की तोंडावर एक बारीक, साधारण एक दशांश मिलिमीटरची रेघ दिसते आणि फ्लॅश पडला की ती चकाकते. पण ती काचेसारखी चकाकते. कोन बदलला की चकाकी नाहीशी होते आणि खाली अर्धपारदर्शक किंवा हलकासा रंग असलेला थर उरतो. दुसरं कारण म्हणजे फायबर घातलेला पीपीआर. त्याच्या जाडीत मधला पट्टा असतो, पण ती रेघ नव्हे. तो चांगला रुंद असतो, कडा पुसट असतात, रंग मंद असतो, आणि करवतीने कापलं असेल तर काचेचे आखूड तंतू खरबरीतपणासारखे वर आलेले दिसतात.

तुमच्या फोटोतली रेघ दोन्ही बाजूंनी सुरीने ओढल्यासारखी स्पष्ट आहे, सगळीकडे सारख्याच राखाडी चंदेरी रंगाची आहे, आणि उजवीकडे खाली एका जागी ती थोड्या लांबीपुरती दुहेरी झाली आहे. ही दुहेरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉम्पोझिट पाइप बनवताना अॅल्युमिनियमची पट्टी नळीसारखी गुंडाळतात आणि तिच्या कडा लांबीभर जोडतात. काही प्रकारांत कडा एकमेकींवर चढवून जोडतात. काहींत कडेला कड भिडवून वेल्ड करतात. चढवलेल्या प्रकारात कापलेल्या तोंडावर एका जागी रेघ दुहेरी दिसते, भिडवलेल्या प्रकारात पूर्ण वर्तुळ एकसारखं दिसतं. म्हणून दुहेरी जागा दिसली की धातू नक्की. ती दिसली नाही तर मात्र धातू नाही असं म्हणता येत नाही. ईव्हीओएचला असा सांधा नसतो, फायबरच्या पट्ट्यालाही नसतो. याउपर खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची दोन टोकं रेघेवर समोरासमोर टेकवा. सर्किट पूर्ण झाल्याचा आवाज आला की धातूबद्दल वाद उरत नाही.

इथवर अॅल्युमिनियम सिद्ध झालं. पण पहिल्या प्लंबरचा मुद्दा अजून शिल्लक आहे, कारण अॅल्युमिनियम घातलेला पीपीआरही असतो. तो वितळवूनच जोडतात, आणि त्याच्याही तोंडावर चंदेरी रेघ दिसते. इथे जाडीचं प्रमाण निकाल देतं.

बाहेरचा व्यास भागिले जाडी, एवढाच हिशेब आहे. याची गंमत अशी की त्याला पट्टी लागतच नाही. फोटो मोठा करून पिक्सेल मोजले तरी चालतात, कारण दोन्ही मापं एकाच प्रतलातली आहेत. तुमच्या फोटोत बाहेरचं वर्तुळ ८१२ पिक्सेल आणि आतलं ६०८ पिक्सेल भरलं. फरक २०४, त्याचा निम्मा १०२, म्हणजे पाइपची जाडी १०२ पिक्सेल. ८१२ भागिले १०२ म्हणजे जवळजवळ ८. कापताना कडा किंचित आत दबलेल्या असतात म्हणून मी हे माप वेगवेगळ्या दिशांनी घेतलं. जाडी ९९ ते १०५ च्या दरम्यान आली, म्हणजे प्रमाण ७.७ ते ८.२.

गरम पाण्याच्या पीपीआरचं प्रमाण इतकं येत नाही. २० मिलिमीटरचा पीपीआर ३.४ जाडीचा असतो तेव्हा प्रमाण ६ च्या आसपास येतं, २.८ जाडीचा असतो तेव्हा ७ च्या आसपास. अॅल्युमिनियम घातलेल्या पीपीआरमध्ये आतली पीपीआरची नळी तेवढीच जाड ठेवून वर धातू आणि पातळ साल चढवतात, म्हणून भिंग लावून बघायची गरजही पडत नाही. छिद्र लहान आणि प्लॅस्टिक जाडजूड दिसतं. अशा पाइपमध्ये धातू बहुतेक वेळा अगदी बाहेरच्या सालीखाली असतो आणि जोडण्याआधी तो सोलून काढावा लागतो. काही प्रकारांत पत्र्याला भोकं असतात, तेव्हा रेघ तुटक दिसते.

तुमच्या पाइपमध्ये बाहेरून मोजलं तर ३६ पिक्सेल प्लॅस्टिक, मग १३ पिक्सेल धातू, मग आत ५३ पिक्सेल प्लॅस्टिक. बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर धरला तर हे अनुक्रमे ०.७, ०.२६ आणि १.०४ मिलिमीटर होतात. बाहेरचा थर पातळ, आतला जाड, मध्ये पाव मिलिमीटरचं अॅल्युमिनियम: कॉम्पोझिट पाइपची बांधणी अशीच असते. धातूच्या दोन्ही बाजूंना चिकटवणाऱ्या पदार्थाचे थर असतात, पण ते इतके पातळ की फोटोत सहसा दिसत नाहीत.

एक सावधगिरी इथेच सांगतो. नुसत्या प्रमाणावर निकाल देऊ नका. अर्ध्या इंचाच्या मध्यम वजनाच्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ आणि जाडी २.६५ मिलिमीटर असते. त्याचंही प्रमाण ८ च येतं. प्रमाण उपयोगी पडतं ते थर ओळखून झाल्यावर.

आता माप. तुम्ही ठेवलेल्या पट्टीवर पाइपचा व्यास साडेसतरा मिलिमीटर दिसतो आणि मी मात्र १६ म्हणतोय. पट्टी टेबलावर आहे आणि पाइपचा तुकडा उभा ठेवून वरून फोटो काढला आहे. कापलेलं तोंड पट्टीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ आहे, म्हणून ते मोठं दिसतं. कॅमेरा पट्टीपासून १५ सेंटिमीटरवर आणि तुकडा १३ मिलिमीटर उंच असेल, तर १६ मिलिमीटरचं वर्तुळ पट्टीवर बरोबर साडेसतराचं दिसेल. मग तो १८ मिलिमीटरचा का नसावा, कारण कॉम्पोझिट १८ मध्येही येतो? कारण १८ च्या पाइपची जाडीही २ मिलिमीटरच असते, म्हणजे प्रमाण ९ यायला हवं होतं. शिवाय या मांडणीत १८ चा पाइप पट्टीवर अठराच्याही बराच पुढे गेला असता. २० × २ चं प्रमाण १० येतं. २० × २.५ चं प्रमाण मात्र ८ च येतं, म्हणून तिथे प्रमाणाचा उपयोग नाही. पण तो पाइप याच मांडणीत पट्टीवर बावीसच्या आसपास दिसला असता. अशा रीतीने प्रमाण आणि पट्टी मिळून १६ × २ एवढं एकच माप उरतं. हाच पाइप काही ठिकाणी १२१६ म्हणून मागितला जातो; आतला व्यास १२, बाहेरचा १६. तरीही फिटिंग विकत घेण्याआधी व्हर्नियरने एकदा बाहेरचा व्यास आणि जाडी प्रत्यक्ष मोजा. फोटोवरचा हिशेब माप ओळखायला पुरतो, फिटिंग बसवायला नाही.

फोटो पुन्हा काढणार असाल तर तोंड आधी ताजं करा. हॅक्सॉ ब्लेडने कापलं की अॅल्युमिनियमचा कीस प्लॅस्टिकवर फासला जातो आणि रेघ आहे त्यापेक्षा जाड दिसते. ग्राइंडरने कापलं की प्लॅस्टिक वितळून रेघेवरच पसरतं, कधी रेघ पूर्ण झाकली जाते आणि माणूस शपथेवर सांगतो की आत धातू नाही. धारदार कटरने दोन-तीन मिलिमीटरची चकती काढा, कोरड्या फडक्याने पुसा, फ्लॅश बंद ठेवा आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्या. पट्टी टेबलावर न ठेवता कापलेल्या तोंडाच्या पातळीवर आणा. फोन हातभर लांब धरून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत आतली नळीची भिंतही दिसते आणि छिद्राची कड कोणती ते कळेनासं होतं. सोबत पाइपचा बाजूने एक फोटो हवा, त्यात छपाईचा पुसट का होईना काही भाग येऊ द्या.

तुमच्या पाइपला रेघ आहे म्हणून काम सोपं झालं. रेघ नसलेल्या प्लॅस्टिकमध्ये फोटो लवकर थकतो. सीपीव्हीसी कडक असतो, त्याचा काप चकचकीत आणि अपारदर्शक दिसतो, आणि करवतीने कापल्यावर भुगा पडतो. पेक्सचा काप मेणासारखा दिसतो आणि कटरने सुबक येतो. पण दोघांचंही अर्ध्या इंची मापात प्रमाण ९ च्या आसपासच असतं, आणि रंग घातलेला पेक्स फोटोत सीपीव्हीसीसारखा दिसू शकतो. अशा वेळी मी चकतीचा पाण्याच्या ग्लासातला फोटो मागतो. पेक्स आणि पीपीआर पाण्यापेक्षा हलके असतात, तरंगतात. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी बुडतात. चकती पाण्यात टाकताना बोटाने एकदा पूर्ण बुडवून हवेचे बुडबुडे झटकायचे, नाहीतर जड तुकडाही वर राहतो. तुमची चकती प्लॅस्टिकची असूनही बुडेल, कारण आत अॅल्युमिनियम आहे. पीव्हीसीच्या जाडीत मधला थर पावासारखा सच्छिद्र दिसला तर तो सांडपाण्याचा पाइप आहे, दाबाच्या पाण्याचा नाही.

फोटो जिथे खरोखर थांबतो ती जागा तुमच्याही प्रकरणात आहे. आतला थर साध्या पॉलिइथिलीनचा आहे, पीई-आरटीचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पॉलिइथिलीनचा, आहे की पेक्सचा, हे कापलेल्या तोंडाकडे बघून कुणीही सांगू शकत नाही. तिन्ही सारखेच दिसतात. आणि गरम पाण्याच्या लाइनसाठी हाच प्रश्न गंभीर आहे. साध्या पॉलिइथिलीनचा कॉम्पोझिट सतत गरम पाण्यासाठी नसतो. त्यात तो थर हळूहळू मऊ पडून फिटिंगखालून सरकतो आणि गळती जोडापाशी सुरू होते. तुमची गळती जोडाजवळ होती की पाइपच्या मध्ये, ते आठवून बघा.

थोडा उलगडा घरीच होऊ शकतो. आतल्या थराची एक पातळ साल सुरीने काढा, चिमट्यात धरून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नवर टेकवा. पेक्स पारदर्शक होतो, रबरासारखा मऊ पडतो, पण वाहत नाही. त्याचे रेणू एकमेकांना जोडलेले असतात. साधं पॉलिइथिलीन आणि पीई-आरटी वितळून धातूवर फासले जातात. खिडकी उघडी ठेवा, आणि साल धातूच्या किंवा चिकटाच्या थरापर्यंत खोल जाऊ देऊ नका. बाहेरच्या थरावर ही परीक्षा करून उपयोग नाही, कारण आत पेक्स आणि बाहेर साधं पॉलिइथिलीन अशी बांधणी सर्रास असते. आतली साल वितळली, तर पीई-आरटी की साधं पॉलिइथिलीन हे या परीक्षेत कळणार नाही. तेव्हा छपाई शोधावीच लागेल. भिंतीतली पुसली गेली असली तरी मॅनिफोल्डजवळ, म्हणजे जिथून वेगवेगळ्या लाइन फुटतात तिथे, किंवा गिझरखाली उघडा असलेल्या तुकड्यावर ती बऱ्याचदा शाबूत असते. ती लांबीभर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा छापलेली असते. तिथे थरांची नावं, माप, दाब आणि तापमान वाचा. वापराचा वर्ग छापला असेल तर १ म्हणजे ६० अंशांचं गरम पाणी, २ म्हणजे ७० अंशांचं. छपाई कुठेच सापडली नाही आणि साल वितळली, तर मी त्या लाइनवर गरम पाणी ठेवणार नाही. तुकडा जोडण्याऐवजी ती पूर्ण लाइन बदलायला सांगेन.

वितळवायचं का नाही, तेही समजून घ्या, कारण पहिला प्लंबर आग्रह धरेल आणि जोड पहिल्या दिवशी टिकेलही. पीपीआरचं मशीन २६० अंशांवर चालतं. त्या तापमानाला पॉलिइथिलीन मऊ होऊन पीपीआरच्या सॉकेटमध्ये घुसतं, बाहेर गोल कडही येते, दिसायला जोड झकास दिसतो. पण पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांत मिसळत नाहीत, आणि बाहेरचा थर पेक्सचा असेल तर तो वितळतच नाही. दोन थर फक्त एकमेकांना चिकटून उभे असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला की पाइप सॉकेटमधून सरकून बाहेर येतो, आणि तोवर तुम्ही भिंत बुजवलेली असते.

जोडासाठी १६ × २ कॉम्पोझिटचं प्रेस फिटिंग किंवा कॉम्प्रेशन फिटिंग घ्या. भिंतीत बुजणार असेल तर प्रेस. कॉम्प्रेशनचे नट पुढे आवळावे लागले तर हात पोहोचायला हवा. प्रेस फिटिंग घेताना प्लंबरच्या मशीनचा जबडा कोणत्या आकाराचा आहे ते आधी विचारा, कारण फिटिंगवर जो आकार सांगितला असेल त्याच जबड्याने ते दाबावं लागतं. चुकीच्या जबड्याने दाबलेला जोड बाहेरून ठीक दिसतो आणि नंतर गळतो.

बसवण्याआधी तोंड गोल करणं सोडू नका. कटरने दाबलं की अॅल्युमिनियम लंबगोल होतं आणि तसंच राहतं, पेक्ससारखं परत गोल होत नाही. कॅलिब्रेटर आत फिरवून छिद्र गोल करायचं आणि आतल्या कडेला उतार द्यायचा. तसं न करता फिटिंग ढकललं तर त्यावरची ओ-रिंग धारदार कडेवर कापली जाते. पाइप पूर्ण आत गेला आहे हे स्लीव्हच्या खिडकीतून बघून मगच दाबा. फिटिंगच्या बुडाशी प्लॅस्टिकची पातळ चकती असते, ती काढून टाकू देऊ नका. कापलेल्या तोंडावर अॅल्युमिनियम उघडं असतं. ते थेट पितळेला टेकलं आणि तिथे ओल आली की अॅल्युमिनियम गंजू लागतं, थर सुटतात आणि पाइप तोंडापाशी फुगतो.

आणि भिंत उघडी आहे तोवर कापाच्या दुसऱ्या टोकाचीही चकती काढून बघा. आधी कधी दुरुस्ती झालेली असेल तर एका बाजूला कॉम्पोझिट आणि दुसऱ्या बाजूला नुसता पेक्स निघतो, दोन्ही पांढरे, दोन्ही १६ चे. तसं असेल तर दोन्ही टोकांना चालणारं एकच प्रेस कपलर शोधू नका. प्रत्येक टोकाला त्याच्या पाइपचं फिटिंग बसवून मध्ये आट्यांचा जोड द्यावा लागेल.